चित्रावरून गोष्ट: तिसरीच्या मुलांसाठी तीन घरांचा कागद

‘चित्रात एक मुलगी आहे. चित्रात एक बाकडे आहे. चित्रात एक बकरी आहे. चित्रात पाऊस आहे. मला हे चित्र खूप आवडले.’

तिसरीच्या वर्गात पहिल्यांदा चित्र लावून ‘यावर गोष्ट लिहा’ म्हटलं, की निम्म्याहून जास्त वह्यांत हे असं काहीतरी येतं. त्यात मुलांची काही चूक नसते. पहिली-दुसरीत आपणच त्यांना ‘चित्रात काय काय दिसतंय?’ असं विचारत आलेलो असतो, आणि त्यांनी दिसेल ते सांगायची सवय केलेली असते. आता अचानक गोष्ट मागितली तर ती बिचारी आधी जे जमतं तेच करतात. चित्र म्हणजे एक थबकलेला क्षण. गोष्टीला त्याच्या आधीचं आणि नंतरचंही लागतं, आणि ते दोन्ही कागदावर कुठेच काढलेलं नसतं. ते शोधायला मुलांना जागा करून द्यायची, एवढ्यासाठी सुरुवात, मध्य आणि शेवट असा तीन घरांचा कागद वापरायचा.

पहिल्यांदाच तिसरीचा वर्ग हाती आलेल्या शिक्षकांसाठी, किंवा घरी मुलांकडून लिहून घेणाऱ्या आईबाबांसाठी, ही सगळी रीत एकाच चित्रावर करून दाखवते. वर्गात याला दोन दिवसांचे दोन तास लागतात. एकाच तासात उरकायला गेलात तर शेवटचं घर नेहमी रिकामं राहतं.

चित्र कुठलं घ्यायचं

यात्रा, आठवडी बाजार, शाळेचं स्नेहसंमेलन अशी पंचवीस-तीस माणसांची गजबजलेली चित्रं पाठ्यपुस्तकात असतात. बोलतं करायला ती उत्तम. गोष्टीसाठी मात्र ती घेऊ नका. मूल एकेका कोपऱ्यातलं एकेक माणूस मोजत बसतं आणि पुन्हा यादीच तयार होते. सूर्योदय, डोंगर, नदी असलं देखणं निसर्गचित्रही नको, कारण त्यात कुणालाच काही हवं नसतं.

दोन-तीन पात्रं असावीत, त्यांच्यातल्या एकाची काहीतरी पंचाईत झालेली असावी, आणि ती पंचाईत अजून सुटलेली नसावी. चित्र वर्गात नेण्याआधी स्वतःलाच विचारा, ‘आता पुढे काय होईल?’ तुम्हालाच तीन वेगवेगळी उत्तरं सुचली तर चित्र चांगलं. एकच सुचलं तर वर्गातल्या सगळ्या वह्यांत तीच गोष्ट येणार, हे धरून चाला.

आणखी एक गोष्ट मी बघते. पंचाईत सोडवायला उपयोगी पडेल असं काहीतरी चित्रातच पडलेलं असावं. काठी, दोरी, टोपली, झोपलेलं माणूस, काहीही. तसं काही नसलं की मुलं आभाळातून परी उतरवतात, नाहीतर हाताशी असलेला सुपरहिरो आणतात.

मी ज्या चित्रावर हे समजावणार आहे ते असं आहे. गावाबाहेरचा एसटीचा थांबा, वर पत्र्याची शेड, खाली सिमेंटचं बाकडं. पाऊस पडतोय. गणवेशातली एक मुलगी, पाठीला दप्तर, एका हातात उघडी छत्री आणि दुसरा हात पुढे पसरलेला. तिच्यापासून चार पावलांवर एक करडू, त्याच्या तोंडात कापडी पिशवी. पिशवीतून मेथीची पानं बाहेर आलेली. बाकड्यावर एक आजोबा भिंतीला टेकून झोपलेत, शेजारी त्यांची काठी. लांब वळणावर लाल एसटी येताना दिसतेय.

हे चित्र फळ्यावर खडूनेही काढता येतं. करडू कुत्र्यासारखं दिसलं तर ‘हे करडू आहे बरं का’ असं सांगून टाका, मुलं उदार असतात. चित्रकलेची अगदीच भीती वाटत असेल तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर गोष्टींसोबतची चित्रं मोफत उतरवून घेता येतात. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाच्या जुन्या अंकांची मुखपृष्ठंही चालतात. पण अमुक चित्र अमुक गोष्टीचं आहे हे मुलांना कळू देऊ नका, नाहीतर सगळे ‘खरी गोष्ट कोणती, सांगा ना’ म्हणून मागे लागतात.

पहिला तास: वह्या दप्तरात

पहिली दहा-पंधरा मिनिटं पेन्सिल कुणाच्याच हातात नको. चित्र लावा आणि मिनिटभर नुसतं बघू द्या. मिनिट हा तिसरीला फार मोठा वेळ वाटतो. तेवढ्यात ‘बाई, पाणी पिऊन येऊ?’ सुरू होतं, पण तेवढं थांबा. आजोबांची काठी आणि लांबची एसटी ही बहुधा अर्ध्या मिनिटानंतरच कुणाला तरी दिसते.

मग फळ्यावर दोन रकाने करा. एकावर लिहा ‘दिसतं’, दुसऱ्यावर ‘वाटतं’. मूल म्हणालं ‘करडाच्या तोंडात पिशवी आहे’, तर ते पहिल्या रकान्यात. ‘ती घाबरलीय’ म्हणालं तर दुसऱ्या. दुसऱ्या रकान्यातल्या प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारायचा: ‘कशावरून?’ ‘तिचं तोंड उघडं आहे.’ ‘एसटी आली तर ती चुकेल म्हणून.’ हा ‘कशावरून’ फार कामाचा आहे. त्याने चित्रापासून भरकटणारी मुलं पुन्हा चित्राकडे येतात, आणि नुसती यादी करणारी मुलं चित्राच्या मागे काय चाललंय त्याचा विचार करायला लागतात.

या गप्पांतच शब्द गोळा होतात. फळ्याच्या कडेला सहा ते आठ शब्द लिहून ठेवा, त्याहून जास्त नकोत: करडू, थांबा, जुडी, वळण, ओढलं, निसटलं, दचकले. एकदा आमच्या वर्गात हे करडू की कोकरू यावर चांगली पाच मिनिटं भांडण झालं. शेवटी मेंढरं घरी असलेल्या एका मुलाने निकाल दिला, कोकरू मेंढीचं, करडू बकरीचं. कुणी ‘बकरीचं पिल्लू’ म्हणालं तर तेही फळ्यावर येऊ द्या. घरचा शब्द खोडून पुस्तकातला शब्द लावला, की ते मूल पुढचा तासभर गप्प बसतं.

तीन घरांचा कागद

आता कागद. पाठकोरा ए-फोर कागद चालतो. तो आडवा धरून आधी मधोमध दुमडायचा, मग पुन्हा एकदा त्याच दिशेने, म्हणजे चार सारख्या उभ्या पट्ट्या होतात. पहिली पट्टी ‘सुरुवात’, मधल्या दोन मिळून ‘मध्य’, आणि शेवटची ‘शेवट’. तीन सारखे भाग करू नका. एक तर तिसरीच्या मुलांना कागद तीन भागांत नीट दुमडता येत नाही, आणि दुसरं म्हणजे मध्याला खरोखरच जास्त जागा लागते. गोष्ट तिथेच घडते.

घरांच्या डोक्यावर नुसती नावं लिहून मुलांना काही कळत नाही. ‘मध्य’ म्हणजे वहीचं मधलं पान असं समजणारी मुलं मी पाहिली आहेत. म्हणून नावाखाली प्रश्न लिहा. सुरुवातीच्या घरात: कोण? कुठे? काय चाललं होतं? मध्याच्या घरात: काय बिघडलं? मग काय केलं? जमलं का? शेवटच्या घरात: कसं सुटलं? मग काय झालं?

भरायचा क्रम मात्र असा नाही, आणि बहुतेकांचं इथेच चुकतं. आधी मध्य भरायचा, मग शेवट, आणि सगळ्यात शेवटी सुरुवात.

कारण सांगते. सुरुवातीपासून भरायला लावलं की मूल गोष्टीच्या नायिकेला सकाळी उठवतं. ती दात घासते, आंघोळ करते, चहा-चपाती खाते, दप्तर भरते, मैत्रिणीला हाक मारते, शाळेत प्रार्थना होते, आणि करडू येईपर्यंत तास संपल्याची घंटा होते. चित्र हा बहुतेक वेळा गोष्टीचा मधला क्षण असतो, म्हणून जे समोर दिसतंय तिथूनच निघावं. चित्रातली पंचाईत मध्याच्या घरात ठेवली की विचारायचं, ‘हे सुटलं कसं?’ ते ठरलं की मग मागे यायचं: ‘चित्राच्या पाच मिनिटं आधी काय चाललं होतं?’ पाच मिनिटं हा शब्द मुद्दाम वापरा. ‘आधी काय झालं?’ असं मोघम विचारलं की पुन्हा दात घासणं आलंच.

सुरुवातीच्या घराला आणखी एक काम असतं. पंचाईत व्हायला वाट तिथेच करून ठेवावी लागते. आपल्या चित्रात करडाने पिशवी पळवली, म्हणजे पिशवी मुलीच्या हातातून कधीतरी खाली आली असणार. का आली? मुलांना हे विचारलं की उत्तरं भराभर येतात. बाकड्यावर ठेवली, जड होती, बुटाची नाडी बांधायची होती. एका मुलीने सांगितलं, ‘पाऊस आला म्हणून छत्री उघडायला दोन हात लागतात.’ छत्री चित्रात उघडीच आहे. हे मला तोपर्यंत सुचलं नव्हतं.

मध्याच्या घरात दोन प्रयत्न मागा. पहिल्याच झटक्यात पिशवी परत मिळाली तर ती गोष्ट दोन ओळींत आटोपते. एक प्रयत्न फसतो, दुसरा फसतो किंवा अर्धवट जमतो, तोवर एसटी जवळ येते. मुलांच्या गोष्टींचा अभ्यास करणाऱ्या नॅन्सी स्टाइन आणि क्रिस्टीन ग्लेन यांनी १९७९ साली गोष्टीचे जे टप्पे मांडले त्यातही प्रसंग, प्रयत्न आणि परिणाम हे वेगवेगळे मोजलेले आहेत. वर्गात हे शब्द वापरायची गरज नाही. ‘आधी काय करून बघितलं? जमलं नाही? मग काय केलं?’ एवढं पुरतं.

घरांत वाक्यं लिहायची नाहीत. शब्द लिहायचे, फार तर दोन-तीन शब्दांचे तुकडे, किंवा छोटं चित्र. हा नियम पाळून घेणं सगळ्यात अवघड. हुशार मुलं हमखास घरातच पूर्ण गोष्ट लिहून टाकतात, मग दुसऱ्या दिवशी तीच वहीत उतरवायची म्हणून कंटाळतात. म्हणून मी एका घरात पाच शब्दांची मुभा देते, मध्याला दहा. मोजायला लागतं म्हटल्यावर मुलं शब्द निवडून लिहितात.

छत्रीची कल्पना सांगणाऱ्या त्या मुलीचा कागद असा होता. मध्य: ‘करडू – पिशवी – पळालं. हाक – नाही. छत्री – घाबरलं – लांब.’ त्याखाली एसटीचं लाल चौकोनी चित्र. शेवट: ‘आजोबा उठले. मेथी दाखवली. पिशवी.’ सुरुवात: ‘बाजार, मेथी, पाऊस, छत्री.’ शब्द एक-दोन इकडेतिकडे झाले तर पोलीस होऊ नका.

पहिल्या दिवशी एवढंच. कागद गोळा करून तुमच्याकडे ठेवा. घरी नेलेला कागद दुसऱ्या दिवशी परत येत नाही, आला तर त्याची होडी झालेली असते.

लिहिण्याआधी एकदा सांगून बघणं

दुसऱ्या दिवशी लगेच लिहायला बसवू नका. जोड्या करा. एकाने कागदावरच्या घरावर बोट ठेवून गोष्ट सांगायची, दुसऱ्याने ऐकायची. ऐकणाऱ्याला काम द्या, नाहीतर तो खिडकीबाहेर बघत बसतो. जिथे कळलं नाही तिथे त्याने एक प्रश्न विचारायचा.

वर सांगितलेल्या मुलीची गोष्ट इथेच दुरुस्त झाली. ती सांगत होती, ‘मग आजोबा म्हणाले मेथी दाखव. तिने मेथी दाखवली आणि करडू आलं.’ शेजारचा मुलगा म्हणाला, ‘मेथी तर पिशवीत आहे ना? पिशवी करडाकडे आहे.’ ती गप्प. दोन मिनिटं विचार केला आणि मध्याच्या घरात बाणाने घुसडलं: ‘जुडी पडली’. पळताना पिशवीतून एक जुडी खाली पडली होती! सुटकेचा धागा मध्यातच ठेवायला लागतो, हे मी फळ्यावर दहा वेळा सांगितलं असतं तरी तिला एवढं पटलं नसतं. लिहून झाल्यावर मी वहीत लाल शाईने ‘मेथी कुठून आली?’ लिहिलं असतं तर तिला पूर्ण परिच्छेद पुन्हा लिहावा लागला असता. इथे एका बाणावर काम भागलं.

सांगताना मूल अडखळलं तर कुठल्या घरावर बोट असताना अडखळलं ते बघा. बहुधा त्या घरात नुसती नावं असतात, क्रियापद एकही नसतं. ‘आजोबा, काठी, एसटी’ एवढंच लिहिलेलं असेल तर आजोबांनी केलं काय ते कुणालाच माहीत नसतं, लिहिणाऱ्यालाही नाही. त्याला म्हणा, ‘आजोबांनी काय केलं, एक शब्द लिही.’ ‘उठले’ आला की पुढचं येतं.

दुसरा तास: वहीत उतरवणं

वहीत तीन परिच्छेद. सुरुवातीला तीन वाक्यं, मध्याला पाच-सहा, शेवटाला तीन-चार. अकरा ते तेरा वाक्यांची गोष्ट तिसरीला भरपूर झाली. दोन परिच्छेदांमध्ये एक ओळ मोकळी सोडायला सांगा, म्हणजे घर बदललं हे मुलालाही दिसतं.

‘मग’ या शब्दाचं काय करायचं हा प्रत्येक तिसरीच्या शिक्षकाचा प्रश्न. मग ती गेली मग करडू आलं मग ती ओरडली मग. मी ‘मग’वर बंदी घालत नाही. बंदी घातली की मुलं ‘नंतर’ लिहितात आणि तेच करतात. त्याऐवजी चार शब्द फळ्यावर ठेवते: एकदा, तेवढ्यात, पण, शेवटी. ‘एकदा’ सुरुवातीला, ‘तेवढ्यात’ पंचाईत येते तिथे, ‘पण’ प्रयत्न फसतो तिथे, ‘शेवटी’ सुटतं तिथे. म्हणजे हे शब्दही घरांचेच आहेत. वीस जोडशब्दांचा तक्ता भिंतीवर लावून काही उपयोग होत नाही, मुलं त्यातला सगळ्यात लांबलचक शब्द उचलतात आणि ‘त्याचप्रमाणे करडू पळाले’ असं लिहून ठेवतात.

काळाकडेही लक्ष ठेवावं लागतं. चित्रवर्णन वर्तमानात चालतं, ‘मुलगी उभी आहे’. गोष्ट भूतकाळात, ‘मुलगी उभी होती’. चित्र समोर टांगलेलं असतं म्हणून मुलं अधूनमधून ‘आहे’वर घसरतात. यावर साधा उपाय म्हणजे लिहायला सुरुवात झाली की चित्र काढून ठेवायचं. समोर आता फक्त घरांचा कागद. पहिल्यांदा मुलं कुरकुरतात, पण ‘चित्रात’ हा शब्द वहीतून जवळपास नाहीसा होतो.

‘ने’ गाळणं हा वेगळा मामला. ‘ती छत्री हलवली’ असं तिसरीत सर्रास येतं. लिहिताना तिथे थांबवू नका, शेवटी वाचताना कानाला खटकलं की बरीच मुलं आपणच ‘तिने’ करतात.

आणि प्रत्येक गोष्टीत कुणीतरी एकदा तरी बोललंच पाहिजे, अवतरण चिन्हात. एकच वाक्य, पण पात्राच्या तोंडचं. तेवढ्याने गोष्ट जिवंत होते.

त्या मुलीची गोष्ट, शुद्धलेखन तेवढं सुधारून, अशी झाली:

‘एकदा सोनीने शाळा सुटल्यावर बाजारातून मेथीच्या दोन जुड्या घेतल्या. ती थांब्यावर एसटीची वाट बघत होती. पाऊस आला म्हणून तिने छत्री उघडायला पिशवी खाली ठेवली.

तेवढ्यात एक करडू आले आणि पिशवी तोंडात धरून पळाले. पळताना एक जुडी खाली पडली. सोनी ओरडली, “ए, थांब!” पण ते थांबले नाही. तिने छत्री हलवली. पण करडू घाबरून अजून लांब गेले. वळणावर एसटी दिसली.

सोनीच्या ओरडण्याने आजोबा जागे झाले. ते म्हणाले, “अगं, पडलेली मेथी त्याला दाखव.” सोनीने जुडी पुढे धरली. शेवटी करडू पिशवी सोडून मेथी खायला आले. सोनी पिशवी उचलून एसटीत चढली. घरी आई म्हणाली, “एकच जुडी?”’

तेरा वाक्यं ठरली असताना ही थोडी जास्त झाली, होऊ द्या. ‘एकच जुडी?’ हे वाक्य तिने शेवटी लिहिताना सुचून घातलं, कागदावर ते नव्हतं. घरं भरलेली असली म्हणजे त्यात नवीन काही येऊ द्यायचं नाही असं नसतं. उलट पुढचं काय लिहायचं याची काळजी नसल्यामुळेच असं एखादं वाक्य सुचायला डोकं मोकळं राहतं.

तीन रंगांनी तपासणं

लाल पेन बाजूला ठेवा. मुलांकडे रंगीत खडू असतात. समासात उभी रेघ ओढायला सांगा: सुरुवातीच्या ओळींशेजारी हिरवी, मध्याशेजारी केशरी, शेवटाशेजारी निळी. मग वही हातभर लांब धरून बघायची.

एका मुलाच्या वहीत अकरा ओळी हिरव्या, दोन केशरी आणि निळी रेघ ठिपक्याएवढी होती. शेवट काय, तर ‘आणि पिशवी मिळाली’. मी काहीच बोलले नाही. त्यानेच वही बघितली आणि म्हणाला, ‘बाई, माझं करडू फार उशिरा आलं.’ दात घासण्यापासून त्याचीही सुरुवात झाली होती, कारण पहिल्या दिवशी तो गैरहजर होता आणि घरांचा कागद त्याने घाईघाईत पहिल्या घरापासून भरला होता. त्याला हिरव्यातल्या सहा ओळींवर हलकी रेघ मारायला सांगितलं आणि ‘करडाने पिशवी नेल्यावर सोनीने आधी काय केलं?’ एवढं एकच विचारलं.

एका गोष्टीत एकच दुरुस्ती करून घ्या. रचना चुकली असेल तर त्या दिवशी ऱ्हस्व-दीर्घ सोडून द्या. दोन्ही एकदम धरलं की मूल सोपं तेवढं करतं, वेलांट्या सुधारतं आणि गोष्ट तशीच राहते.

शेवटाची एक वेगळी कसोटी आहे. मूल म्हणतं ‘झाली गोष्ट’, तेव्हा विचारा, ‘मध्यात जे बिघडलं होतं त्याचं काय झालं?’ उत्तर निळ्या ओळींत सापडलं पाहिजे. ‘मग ती जागी झाली, ते स्वप्न होतं’ या शेवटात पिशवीचं काहीच होत नाही, म्हणून तो मी परत देते. ‘म्हणून आपण प्राण्यांवर दया करावी’ असं तात्पर्यही मुलं सवयीने चिकटवतात. त्यावर रागवायचं कारण नाही, पण तात्पर्य निळ्या ओळींत मोजायचं नाही एवढं सांगून ठेवा.

ज्यांना लिहिताच येत नाही

प्रत्येक तिसरीत तीन-चार मुलं अशी असतात ज्यांचं अक्षरज्ञान अजून कच्चं आहे. त्यांना वेगळं सोपं काम देऊ नका. तोच कागद द्या, घरांत चित्रं काढू द्या. मग जोडीदारासारखंच तुम्हाला गोष्ट सांगू द्या, आणि प्रत्येक घरातलं एक वाक्य त्यांच्याच शब्दांत तुम्ही लिहा. ‘करडूनं पिशी पळवली’ म्हणालं तर तसंच लिहा. त्या वाक्याखाली पुढचं एक वाक्य त्या मुलाने लिहायचं, जमेल तेवढं. गोष्ट रचता येणं आणि लिहिता येणं या दोन गोष्टी एकत्र वाढतातच असं नाही. कधीकधी सगळ्यात चांगला ‘शेवट’ याच मुलांकडून येतो.

तिसरी-चौथी एकत्र बसत असतील तर चौथीला तेच चित्र द्या, पण आजोबांच्या बाजूने गोष्ट सांगायला लावा. म्हणजे त्यांची सुरुवात ‘मला डुलकी लागली होती’पासून होते, आणि फळ्यावरचे शब्द दोघांनाही पुरतात.

पुढची चित्रं

दुसऱ्या आणि तिसऱ्या चित्रालाही हाच कागद, हेच प्रश्न ठेवा. चौथ्या वेळी प्रश्न पुसा, फक्त घरांची नावं ठेवा. पाचव्या वेळी कोरा कागद द्या आणि काही सांगू नका. किती मुलं आपणच दुमडतात ते बघा. जी दुमडत नाहीत आणि तरी ज्यांच्या वहीत तिन्ही रंग नीट येतात, त्यांना यापुढे कागद द्यायची गरज नाही.

एकदा हे बसलं की तेच एसटी थांब्याचं चित्र परत काढा आणि म्हणा, ‘आज हे चित्र शेवटच्या घरात ठेवायचं.’ आता करडाने पिशवी पळवणं हा गोष्टीचा शेवट आहे, आणि तिथवर पोचायला मध्यात काय बिघडलं होतं ते शोधायचं. पहिल्यांदा वर्ग ‘असं कसं होईल?’ म्हणून ओरडतो. मग कुणीतरी म्हणतं, ‘सोनीला मेथी आवडतच नव्हती.’